घाटाच्या पायऱ्यांवर पणत्या किती आणि तेल किती : त्रिपुरी पौर्णिमेचा हिशोब

आमच्या गावाला कृष्णेवर एक छोटा दगडी घाट आहे. वाईच्या घाटांसारखा ऐसपैस नाही, बारा पायऱ्या, वर एक कठडा आणि बाजूला पिंपळाचा पार, एवढंच. कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर त्रिपुरीला पहाटे दिवे लागतात, आमच्याकडे संध्याकाळी. गेली काही वर्षं पणत्या आणि तेल आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्या वर्षी मी दुकानात जाऊन "द्या अडीचशे पणत्या आणि तेलाचा एक डबा" असं सांगून मोकळा झालो होतो. पणत्या लहान निघाल्या. साडेसहाला लावलेले दिवे आठच्या आत एकेक करत गेले आणि पालखी घाटावर आली तेव्हा कठड्याचा निम्मा भाग अंधारात होता. तेल मात्र डब्यात अर्ध्याहून जास्त शिल्लक. म्हणजे तेल कमी पडलं नव्हतं, ते पणतीत मावलंच नव्हतं. तेव्हापासून उलट्या बाजूने हिशोब करतो : दिवा किती वेळ जळायला हवा इथून सुरुवात करायची, त्यावरून पणती केवढी ते ठरवायचं आणि मग बाजारात जायचं.

या लेखात तोच हिशोब आमच्या घाटाच्या मापांनी करून दाखवतो. तुमच्या वाड्याच्या पायऱ्या असोत, सोसायटीच्या गच्चीचा कठडा असो की देवळाची ओवरी, आकडे बदलतील, रीत तीच राहील.

आधी टेप, मग बाजार

सकाळच्या उजेडात दोघांनी जाऊन मोजावं. एकाने टेपचं टोक धरायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं. पावलांनी मोजू नका. माझी पावलं पहिल्या दहात एक असतात आणि चाळिसाव्याला दुसरीच होतात.

आमची मापं अशी. पायरीची रुंदी दोन्ही बाजूंच्या भिंतींच्या मधे ८.४० मीटर. मधून माणसांना जायला १.८० मीटरची वाट मोकळी सोडायची. एवढ्या वाटेतून आरतीचं ताट घेतलेला माणूस आणि समोरून येणारा माणूस एकमेकांना न घासता जातात. राहिले दोन्ही बाजूंना ३.३० मीटर. वरचा कठडा पायऱ्यांच्या तोंडाशी तुटलेला आहे : डावीकडचा तुकडा १८ मीटर, उजवीकडचा १७.२० मीटर. पाराचा व्यास ४.३० मीटर, म्हणजे घेर ४.३० × ३.१४ = सुमारे १३.५० मीटर.

पायऱ्यांच्या कडेच्या उतरत्या भिंतीवर पणत्या ठेवायचा मोह सगळ्यांना होतो. लांबून ती तिरकी रेघ सुंदर दिसते खरी, पण उतारावर पणती कलते, तेल खालच्या कडेने सांडतं आणि नेमकं लोकांच्या पायाखाली येतं. त्या भिंतीला टप्पे असतील तर प्रत्येक टप्प्यावर एक ठेवा, सरळ उतार असेल तर ती भिंत मोकळी सोडा.

अंतर आणि ते चुकवणारा 'अधिक एक'

दोन पणत्यांमधलं अंतर किती, याला शास्त्र नाही, पण एक सोपी परीक्षा आहे. दहा पणत्या कठड्यावर मांडा, लावा आणि जिथून बहुतेक लोक बघणार तिथे जाऊन उभे राहा. आमच्याकडे लोक खाली नदीकाठाजवळ आणि काही जण पलीकडच्या तीरावर असतात. पायऱ्यांवर ३० सेंटीमीटर आणि कठड्यावर ४५ सेंटीमीटर आम्हाला बरं वाटलं. कठडा उंच आहे, मागे आकाश आहे, तिथे विरळ दिवेसुद्धा उठून दिसतात. पायऱ्यांवर मात्र एकाखाली एक रांगा येत असल्यामुळे दिवे जरा जवळ असले तर रेघ भरीव दिसते. डोळ्याला दाटी फारशी कळत नाही, पण असमान अंतर लगेच खुपतं. वीस सेंटीमीटरवर वेडेवाकडे लावलेले दिवे चाळीसवर नीट लावलेल्यांपेक्षा वाईट दिसतात.

आता आकडा. सरळ रेघेवर पणत्यांची संख्या म्हणजे

पणत्या = (लांबी ÷ अंतर) + १

तो एक येतो कुठून, हे कळायला अंगणातली वाळणी डोळ्यासमोर आणा : दोन खांब असतील तर मधे दोरी एकच. तीन मीटरच्या रेघेत ३० सेंटीमीटरच्या दहा जागा पडतात, पण दोन्ही टोकांना दिवा हवा म्हणून दिवे अकरा. पारासारख्या बंद गोलाला मात्र टोकच नसतं. शेवटचा दिवा पहिल्यालाच येऊन मिळतो, म्हणून तिथे अधिक एक करायचं नाही.

पायऱ्या घेऊ. ३.३० मीटरच्या पट्ट्यात भिंतीपासून १५ सेंटीमीटर आणि वाटेपासून १५ सेंटीमीटर आत यायचं. भिंतीला चिकटून ठेवलेली पणती दगडावर काजळीचा पट्टा सोडते, आणि वाटेच्या अगदी कडेला ठेवली तर कुणाचं तरी धोतर नाहीतर पदर लागतो. उरले ३ मीटर, म्हणजे अकरा दिवे, आणि दोन्ही बाजू मिळून एका पायरीवर २२.

बारा पायऱ्या गुणिले २२ म्हणजे २६४, असं चटकन होतं. आम्ही ते करत नाही. आम्ही एक सोडून एक पायरी लावतो, म्हणजे सहा पायऱ्या, १३२ दिवे. याला कंजूषपणा म्हणणारे दरवर्षी दोघेतिघे भेटतात. पण सगळ्या पायऱ्या भरल्या की तेल घालायला, वात सारखी करायला, विझलेला दिवा पुन्हा लावायला उभं राहायचं कुठे? रिकामी पायरी ही काम करणाऱ्याची जागा आहे. शिवाय समोरून बघताना रांगांमधे काळा पट्टा राहिला की पायऱ्यांचा आकार दिसतो, नाहीतर सगळा ठिपक्यांचा गोळा होतो. सगळ्यात खालची पायरी तर सोडाच. तिथे शेवाळ असतं, आणि वर धरण असेल तर आवर्तन सुटल्यावर पाणी कधी चढेल ते सांगता येत नाही. आम्ही वरून पहिली, तिसरी, पाचवी असं करत अकराव्या पायरीवर थांबतो. बारावी पायरी पाण्याची.

कठड्याचा डावा तुकडा १८ मीटर : १८ ÷ ०.४५ = ४० जागा, ४१ दिवे. उजवा तुकडा सरळ येत नाही. १७.२० ÷ ०.४५ = ३८.२. इथे बरेच जण एका टोकापासून ४५-४५ मोजत जातात आणि शेवटी एक छोटी, नको असलेली जागा राहते. त्याऐवजी जागा पूर्णांकात आणा : ३८ जागा धरल्या तर अंतर १७.२० ÷ ३८ = ४५.३ सेंटीमीटर. तीन मिलीमीटरचा फरक कुणाला दिसणार? दिवे ३९. म्हणजे दोन्ही तुकडे मिळून ८०.

पाराचा घेर १३.५० ÷ ०.४५ = ३०, आणि दिवे तीसच.

एकूण १३२ + ८० + ३० = २४२.

ही मापं दगडावर उतरवायला आम्ही सुतळी वापरतो. तिला ४५ सेंटीमीटरवर गाठी मारून ठेवल्या आहेत, दुसरीला ३० वर. सुतळी पसरायची आणि प्रत्येक गाठीशी खडूची खूण करायची. उजव्या कठड्यावर अंतर तीन मिलीमीटरने जास्त आहे, म्हणून तिथे पहिल्या टोकापासून निम्म्या दिव्यांपर्यंत आणि मग दुसऱ्या टोकापासून निम्म्यापर्यंत अशी सुतळी लावतो. मधे राहिलेली दहा सेंटीमीटरची खोट ताणून लावलेल्या दोन-तीन दिव्यांत जिरून जाते. एक धोक्याची गोष्ट : नायलॉनची दोरी ताणली की लांबते, ज्यूटची सुतळी त्या मानाने बरी.

एका दिव्याला तेल किती

इथे सगळ्यांचा अंदाज चुकतो, कारण पणतीतलं सगळं तेल जळत नाही. थोडं माती पिते, थोडं वातीत मुरतं, थोडं तळाशी राहतं जिथून वात ओढू शकत नाही. म्हणून "पंधरा मिलीला तीन तास, तर तीस मिलीला सहा" हे त्रैराशिक लागू पडत नाही. जळणारं तेल आणि वाया जाणारं तेल वेगळं काढायला हवं, आणि त्याची घरच्या घरी करता येणारी युक्ती म्हणजे एकाच वेळी दोन दिवे लावणं.

त्याच पणत्यांमधल्या दोन घ्या, त्याच वाती, तेच तेल. औषधाच्या सिरिंजने एकीत १० मिली घाला, दुसरीत २०. दोन्ही संध्याकाळी उघड्या गच्चीवर लावा, कारण बंद खोलीतला दिवा आणि वाऱ्यातला दिवा वेगळे जळतात. कधी विझले ते लिहा. आमचा निकाल असा आला : १० मिलीचा दिवा १ तास २५ मिनिटं, २० मिलीचा ३ तास २५ मिनिटं. जास्तीच्या १० मिलीने दोन तास जास्त मिळाले, म्हणजे ही वात तासाला ५ मिली तेल खाते. मग पहिला दिवा १ तास २५ मिनिटांत साधारण ७ मिली जळला असणार. बाकीचं ३ मिली मातीत, वातीत आणि तळाशी अडकलं. हे ३ मिली प्रत्येक दिव्याला द्यावंच लागतं, दिवा अर्धा तास जळो की चार तास.

जमलं तर प्रत्येक मापाच्या तीन-तीन पणत्या लावून सरासरी घ्या, कारण वाती सारख्या नसतात. तासाला ५ मिली हा आकडा माझ्या वातीचा आहे. जाड, दुहेरी वळलेली वात याच्या दीडपट-दुप्पट सहज ओढते.

आता किती वेळ जळायला हवं ते बघू. पौर्णिमेची तारीख दरवर्षी सरकते : २०२५ मध्ये त्रिपुरी ५ नोव्हेंबरला होती, २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे ती २४ नोव्हेंबरला येते. सूर्यास्त दोन्ही वेळी सहाच्या आसपासच असतो, थंडी मात्र वेगळी. आम्ही सव्वासहाला लावायला सुरुवात करतो. चौघे जण, प्रत्येकी मिनिटाला सहा दिवे. कागदावर दहा मिनिटं होतात, पण वाऱ्याने विझलेले पुन्हा लावण्यासकट वीस मिनिटं लागतात. म्हणजे पहिला दिवा शेवटच्यापेक्षा वीस मिनिटं आधी लागलेला असतो, आणि तेलाचा हिशोब या पहिल्या दिव्याचाच करायचा. पावणेसातपर्यंत घाट पूर्ण उजळतो, सातला आरती, पालखी आणि लोकांचं बघणं पावणेनऊपर्यंत. सव्वासहा ते पावणेनऊ, अडीच तास.

२.५ तास × ५ मिली = १२.५ मिली. त्यात अडकणारं ३ मिली. झालं १५.५, म्हणून १६ मिली धरू.

या १६ मिलीसाठी पणती केवढी हवी? काठोकाठ भरलेली पणती चालत नाही, उचलताना सांडते आणि चोचीतून निथळते. वर तिसरा हिस्सा रिकामा राहायला हवा. म्हणजे काठापर्यंत निदान २४ मिली पाणी मावणारी पणती बघायची. दुकानात सिरिंज नेऊन पाणी भरून बघायला लाजू नका. पहिल्या वर्षीच्या माझ्या पणत्यांत काठोकाठ भरून दहा मिलीच मावत होतं, आणि मधे पुन्हा तेल घालायचा विचार आम्ही केलाच नव्हता. जळत्या दिव्यात तेल ओतणं तसंही टाळावंच. हात भाजतो, ज्योत बुजते आणि किटलीचं तोंड पेटण्याची भीती असते.

डबा : किलो की लिटर

२४२ × १६ = ३८७२ मिली. वाऱ्याच्या कोपऱ्यातल्या दिव्यांना पुन्हा घालायला, सांडण्याला आणि वाती भिजवायला दहा टक्के जास्त : ४२६० मिली, म्हणजे सव्वाचार लिटर. पाच लिटरचा कॅन पुरतो.

तेल किलोवर मिळत असेल तर ध्यानात ठेवा की एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम भरतं. सव्वाचार लिटर म्हणजे चार किलोला जरा कमी. मोठ्या घाटासाठी डबे घेणाऱ्यांना हा फरक जास्त जाणवतो, कारण बाजारात १५ किलोचा डबा असतो आणि १५ लिटरचाही. पहिल्यात साधारण साडेसोळा लिटर तेल असतं, दुसऱ्यात १५ लिटर. डब्यावर वजन आणि माप दोन्ही छापलेलं असतं, ते वाचून भावाची तुलना करा.

कुठलं तेल, यावर घरोघरी मतं आहेत. तीळ, करडई, शेंगदाणा, सोयाबीन, सूर्यफूल ही सगळी नीट जळतात. वासाचं आणि पैशाचं गणित तुम्ही बघा. नदीकाठच्या कार्तिकातल्या थंडीत दोन तेलं त्रास देतात. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठायला लागतं, ते बुधलीतूनच बाहेर येत नाही. आणि स्वस्त म्हणून आणलेलं पामतेल गारठ्यात गढूळ होऊन घट्टसर बनतं, वात ते नीट ओढत नाही आणि ज्योत बारीक राहते. पहाटे दीपोत्सव करणाऱ्यांनी तर आदल्या रात्री एका वाटीत तेल घेऊन ती बाहेर ठेवावी. सकाळी पातळ असलं तर घ्यावं.

तळणीचं उरलेलं तेल पूजेला नको म्हणून नव्हे, पण वातीसाठी नकोच. त्यातले पिठाचे कण वातीच्या टोकाशी जळून काजळीची गाठ धरतात आणि दिवा धूर सोडतो. आणि ज्योत मोठी दिसावी म्हणून तेलात रॉकेल किंवा डिझेल मिसळणारे असतात, त्यांना घाटावर येऊ देऊ नका. पातळ इंधन पणतीच्या कडेने पेटतं, पूर्ण पणती भडकते.

पणती तपासणं आणि पाणी पाजणं

२४२ पणत्यांसाठी २६० घ्या. काही फुटतात, काही गळक्या निघतात. घेताना पणती नखाने टिचकवून बघा. नीट भाजलेली खणखणते, कच्ची भाजलेली बद्द वाजते. बद्द वाजणाऱ्या पणत्या तेल पितात आणि खाली डाग पाडतात.

आदल्या रात्री सगळ्या पणत्या घमेल्यात पाण्यात बुडवून ठेवायच्या. बुडवल्याबरोबर बारीक बुडबुडे येतात, चुरचुर आवाज होतो. ती आतली हवा बाहेर पडते आणि तिथे पाणी शिरतं. नाहीतर त्याच जागेत तुमचं तेल शिरलं असतं. किती, ते बघायचं तर एक कोरडी पणती स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला आणि रात्रभर भिजल्यावर पुसून पुन्हा तोला. आमच्या पणतीचं वजन ३४ ग्रॅमवरून ३८ झालं. चार ग्रॅम पाणी, म्हणजे कोरडी पणती जवळपास तेवढं तेल प्यायली असती. २४२ पणत्यांना ते जवळजवळ एक लिटर होतं. वर ३ मिली अडकलेलं तेल काढलं, ते भिजवलेल्या पणतीत. कोरड्या पणतीवर चाचणी घेतली असेल तर तुमचा आकडा मोठा येईल.

सकाळी बाहेर काढून सावलीत उपडी ठेवा, तासाभराने आतून फडक्याने पुसा. उन्हात ठणठणीत वाळवल्या तर भिजवलेलं वाया गेलं. उलट आत पाण्याचा थेंब राहिला तर वात तडतडते आणि तेल बाहेर उडतं.

वात

या दिव्याला फुलवात नको, लांब वात हवी. फुलवात तुपाच्या निरांजनात शोभते. उथळ पणतीत, वाऱ्यावर ती लवकर आडवी पडते. आमच्याकडे बायका दुपारी एकत्र बसून सुमारे ७ सेंटीमीटरच्या वाती वळतात. कापूस सरकीचा आणि शुद्ध हवा. तयार वाती घेतल्या तर एक जाळून बघा : कापूस जळून राख होते, कृत्रिम धागा मिसळलेला असेल तर काळा टणक मणी राहतो आणि प्लास्टिकचा वास येतो. अशी वात टोकाशी बंद होते आणि तेल असूनही दिवा जातो.

वाती तासभर आधी तेलात भिजवून घ्या. पणतीत वात तळाला टेकून पसरवायची आणि चोचीबाहेर फक्त तांदळाच्या दाण्याएवढी काढायची. या एका गोष्टीवर मी दरवर्षी सगळ्यांशी वाद घालतो. ज्योत मोठी दिसावी म्हणून प्रत्येकाला वात बोटाच्या पेराएवढी बाहेर ओढायची असते. तशी वात पहिली दहा मिनिटं झकास दिसते, मग काजळी धरते, दगड काळा करते आणि तेल दुप्पट खाते. अडीच तासांचा हिशोब सव्वा तासात संपतो. ज्योत स्वच्छ पिवळी, थेंबाच्या आकाराची, वर धूर नाही, अशी दिसली की वात बरोबर आहे. टोकाला लाल कोळसा आणि वर काळी दोरी दिसली तर चिमट्याने वात आत ढकला.

मांडणी आणि वारा

दुपारी चारला घाट झाडून घेतो. पारावरचा पिंपळाचा पाला विशेष बघून काढायचा, वाळलेलं पान ज्योतीवर उडून यायला वेळ लागत नाही. मग खडूच्या खुणेवर आधी चिमूटभर ओली वाळू, तिच्यावर पणती दाबून बसवायची. वाळूची तीन कामं आहेत : पणती सपाट बसते, वाऱ्याने हलत नाही आणि झिरपलेलं तेल दगडाऐवजी वाळूत जातं. कठड्याच्या माथ्याला पावसाचं पाणी निथळण्यासाठी सहसा थोडा उतार असतो, डोळ्याला दिसत नाही. वाटीभर पाणी ओता, कुठल्या बाजूला वाहतंय ते बघा आणि त्या बाजूला वाळू जरा जास्त घाला. दिवा कडेपासून हातभर नाही तरी चार बोटं आत हवा, खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर पडता कामा नये.

चोच वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला करा. नदीकडून वारा येत असेल तर चोच देवळाकडे. म्हणजे वारा आधी पणतीच्या उभ्या काठावर आदळतो आणि ज्योत बाहेरच्या बाजूला झुकते. चोच वाऱ्याकडे ठेवली तर ज्योत तेलावर झुकते, आतली वात पेटते आणि पाच मिनिटांत पूर्ण पणती भगभग जळायला लागते. तसं झालंच तर पाणी मारू नका. उकळत्या तेलात पाणी पडलं की तेल उसळतं. मोठी रिकामी पणती उपडी घालून झाकायची, म्हणून प्रत्येक पायरीच्या टोकाला एक मोठी पणती आणि वाळूची बादली ठेवतो.

तेल भरायला किटली घेतली तर कुणी वीस मिली घालतं, कुणी दहा. आम्ही पळी वापरतो. सिरिंजने मोजून ८ मिलीची पळी शोधून ठेवली आहे, एका दिव्याला दोन पळ्या. दोघांना अर्धा तास लागतो. साडेपाचच्या सुमारास भरायचं. दुपारीच भरून ठेवलं तर तेल झिरपत राहतं, मुंग्याही येतात.

लावायला वरच्या पायरीपासून सुरुवात करून खाली यायचं. दिव्यांच्या खालच्या रिकाम्या पायरीवर उभं राहून, वर तोंड करून, आडवं सरकत जायचं. तुमच्या मागे, खालच्या रांगेत अजून ज्योत नसते, त्यामुळे पदर किंवा शाल मागे लोंबली तरी धोका नाही. खालून वर लावत गेलो तेव्हा आमच्यातल्या एकाच्या उपरण्याचं टोक जळालं होतं, त्याला स्वतःला कळलंही नाही, शेजारच्याने विझवलं. लावणाऱ्यांनी उपरणं, ओढणी, पदर खोचून घ्यावा. काडेपेटीपेक्षा लांब काठीला बांधलेला तेलातला काकडा बरा, पाठ वाचते.

दुसऱ्या दिवशी

पणत्या विझल्यावर लगेच उचलू नका, तळ तापलेला असतो. सकाळी वाळूसकट घमेल्यात गोळा करायच्या, पाण्यात काहीही सोडायचं नाही. दगडावर तेल सांडलेलं असेल तर त्यावर राख किंवा लाकडाचा भुसा रात्रीच पसरून ठेवा, सकाळी झाडून काढा आणि राहिलेला चिकटपणा सोड्याच्या गरम पाण्याने घासा. आधी पाणी ओतलं तर तेल पसरतं, आणि सकाळी स्नानाला येणारं पहिलं माणूस त्यावर घसरतं.

कॅनमधलं उरलेलं तेल मोजायला विसरू नका. मागच्या खेपेला पाच लिटरमधून ५५० मिली उरलं, म्हणजे ४४५० मिली लागलं. दिव्यामागे १८ मिलीपेक्षा थोडं जास्त, १६ नव्हे. वाढलेलं बहुतेक कठड्याच्या उजव्या टोकाला गेलं. तिथे नदीचं वळण आहे, वारा थेट येतो, आणि शेवटचे दहा-बारा दिवे तीनतीनदा लावावे लागले. वहीत लिहून ठेवलंय : उजवीकडच्या शेवटच्या बारा पणत्या कठड्यावर नकोत, कठड्यामागे खाली ओळीने.